तिसऱ्या प्रश्नाला कोण उभं राहील?

१ एप्रिल १९७६. कॅलिफोर्नियातल्या ‘क्लायनर अँड पर्किन्स’ या गुंतवणूक संस्थेकडे दोघेजण पैसे मागायला आले होते. एकाचं नाव रॉबर्ट स्वॉन्सन, वय २८. एमआयटीत रसायनशास्त्र आणि व्यवस्थापन शिकलेला. काही महिन्यांपूर्वीपर्यंत तो याच संस्थेत नोकरीला होता. ती सुटल्यावर बेकारभत्त्यावर दिवस काढत होता. दुसरे हर्बर्ट बॉयर, सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठातले जीवरसायनशास्त्राचे प्राध्यापक. एका जिवाचा जनुक कापून जिवाणूत बसवायचा आणि तो तिथे चालता करायचा, ही पद्धत त्यांनी स्टॅनले कोहेन यांच्याबरोबर १९७३ मध्ये सिद्ध केली होती. जिवाणूंकडून माणसाचं इन्सुलिन बनवून घ्यायची कंपनी या दोघांना काढायची होती. मागणी होती पाच लाख डॉलरची. कंपनीची नोंदणीसुद्धा अजून व्हायची होती. ती आठवड्याभराने झाली.

समोर होते टॉम पर्किन्स. शिक्षणाने इलेक्ट्रिकल इंजिनिअर, सूक्ष्मजीवशास्त्रात जवळपास कोरे. व्यवसायाचा आराखडा स्वॉन्सनचा होता, पण पर्किन्स यांनी खोदून विचारलं ते बॉयरना. कोणती उपकरणं लागतील, आधी काय, मग काय, प्रयोग जमला हे कसं मोजणार? बॉयर यांच्याकडे प्रत्येक पायरीचं उत्तर होतं. पर्किन्स यांनी पुढे सांगितलं त्याचा आशय असा, की प्रयोग फसण्याची शक्यता मला दिसत होती, पण तो करायचा कसा हे यांना ठाऊक आहे एवढं नक्की पटलं.

आता उलट कल्पना करा. स्वॉन्सन उत्साही होता, चिकाटीचा होता, आणि रसायनशास्त्राची पदवीही त्याच्याकडे होती. जनुक कसा कापतात हे त्याने पाच मिनिटांत छान सांगितलं असतं. पहिला प्रश्न निभावला असता, दुसराही कदाचित. तिसऱ्याला त्याने बॉयर यांच्याकडे पाहिलं असतं. त्या एका नजरेनंतर समोरच्याने आधीची पाच मिनिटंही मनातून खोडून टाकली असती.

दोन भागीदारांनी पिच कशी वाटून घ्यावी, याचं खरं माप मला या तिसऱ्या प्रश्नात दिसतं. पिच म्हणजे गुंतवणूकदारासमोरची ती दहा-पंधरा मिनिटं: आम्ही काय करतो, कुणासाठी करतो, पैसे कसे मिळतील आणि तुमच्याकडून किती हवेत. आपल्याकडे ती वाटली जाते वेगळ्याच मापाने. ज्याचं इंग्रजी सफाईदार तो बोलतो. दुसरा कडेला उभा राहून स्लाइड पुढे ढकलतो. किंवा अगदी न्यायाने, लग्नातल्या पंगतीत वाढल्यासारखं, पाच स्लाइड तुझ्या, पाच माझ्या. पुण्या-मुंबईत सराव बघायला बसलं की दहातल्या निम्म्या जोड्या या दोनपैकी एका पठडीत सापडतात.

एक उदाहरण सविस्तर घेऊ. जोडी कल्पित आहे, आकडे मी समजण्यापुरते घातले आहेत. चुका मात्र पाहिलेल्या आहेत.

तो पस्तिशीचा, दूध संघात आठ वर्षं सुपरवायझर. गावोगावची संकलन केंद्रं हिंडलेला, सचिवांशी भांडलेला आणि त्यांच्याच ओसरीवर जेवलेला. ती सत्तावीस वर्षांची, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर; आधी एका कारखान्यात सेन्सरच्या कामावर होती. दोघांचं यंत्र बसतं बीएमसीवर. बीएमसी म्हणजे बल्क मिल्क कूलर, संकलन केंद्रातली दूध थंड करायची मोठी टाकी. धारेचं दूध गाईच्या अंगाएवढं गरम असतं, त्यात जिवाणू भराभर वाढतात, म्हणून टाकीत ते चार अंशांपर्यंत उतरवून टँकर येईपर्यंत तसंच ठेवावं लागतं. रात्री वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही किंवा कंप्रेसर बसला, तर सकाळपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही. प्लॅन्टवर दूध तापवून पाहिलं की फाटतं आणि टँकर परत. यांचं यंत्र टाकीच्या तापमानावर नजर ठेवतं आणि गडबड झाली की सचिवाच्या मोबाइलवर फोन लावतं.

पहिल्या सरावात तिने आठ मिनिटं बोलून दाखवलं, तेही छान इंग्रजीत. अडचण, बाजारपेठ, यंत्र, किंमत, स्पर्धक, सगळं. त्याच्या वाट्याला शेवटची ‘आमची टीम’ ही स्लाइड. मग परीक्षकांपैकी एकाने विचारलं, “दूध नासलं तर नुकसान कुणाचं? सचिवाचं, संस्थेचं, की शेतकऱ्याचं?” ती म्हणाली, “संस्थेचं.” “मग शेतकऱ्याच्या बिलातून कापत नाहीत?” ती म्हणाली, “काही ठिकाणी कापत असतील.” “म्हणजे यंत्राचे पैसे नेमके कुणाच्या खिशातून येणार?” इथे तिने मान वळवली. तो केव्हापासून बोलायला आतुर झाला होता. पण तो बोलू लागला तेव्हा उत्तर ऐकण्याऐवजी परीक्षक वहीत काहीतरी लिहीत होता. माहिती तर दोघांकडे मिळून पूर्ण होती. ती भलत्याच तोंडून बाहेर आली, एवढंच.

दुरुस्तीसाठी त्यांनी स्लाइड बाजूला ठेवल्या आणि कागदावर नुसती विधानं लिहून काढली. पिचमध्ये आपण जे जे खरं म्हणून सांगतो ते प्रत्येक वाक्य वेगळं. अठरा निघाली. मग प्रत्येकाला एकच प्रश्न: “हे तुला कसं माहीत?” उत्तरं तीन जातींची येतात. मी ते केलंय. मी ते मोजलंय किंवा डोळ्यांनी पाहिलंय. मी ते वाचलंय. करणाऱ्याला तिसरा प्रश्न, चौथा प्रश्न, काही फरक पडत नाही, कारण तो आठवून सांगत असतो. वाचणारा दुसऱ्या प्रश्नाशीच संपतो. ज्या विधानापुढे ज्याचं उत्तर वरच्या जातीचं, ते विधान त्याचं. पदवी, कंपनीतला हुद्दा, इंग्रजी, हे नंतर.

यात पहिली गंमत अशी झाली, की वाटणी स्लाइडच्या कडांवर पडलीच नाही. ‘आमचं यंत्र’ ही स्लाइड तिची, असं दोघांनी गृहीत धरलं होतं. पण तिच्यात दोन वेगळी विधानं लपली होती. टाकीत रात्रीचं थंड दूध असताना सकाळचं ताजं दूध ओतलं, की तापमान आपोआप चढतं. टाकी गरम पाण्याने धुतली तरी चढतं. तेव्हा प्रत्येक चढावर फोन वाजवणारं यंत्र आठवड्याभरात कुणीतरी बंद करून टाकेल. नेहमीचा चढ आणि कंप्रेसर बंद पडल्याचा चढ यातला फरक यंत्र कसं ओळखतं, हे तिचं. किती वेळात किती अंश चढलं, नंतर उताराला लागलं की नाही, हे तिने महिनोन्‌महिने आलेख काढून बसवलेलं. पण रात्री दोन वाजता फोन वाजल्यावर उठतो कोण, सचिव की रखवालदार, त्याच्याकडे जनरेटरच्या खोलीची किल्ली असते का, डिझेल असतं का, हे त्याचं. सेन्सर कितीही चांगला असला तरी किल्ली नसेल तर दूध नासणारच, हे त्याने पाहिलेलं आहे.

मग नवी मांडणी ठरली. पहिली तीन मिनिटं तो, एका रात्रीची गोष्ट सांगून: कुठल्या तालुक्यात, किती लिटर, टँकर परत आल्यावर संस्थेत काय बोलणं झालं, शेवटी पैसे कुणाकडून वळते झाले. पुढची तीन ती: यंत्र, खोटे इशारे, सध्या कुठे बसवलंय, काय बिघडलं. उरलेली चार पुन्हा तो: कोण विकत घेतं, कितीला, मंजुरी कुणाची, किती पैसे हवेत. दहा मिनिटांत सूत्रं फक्त दोनदा हातांतून गेली. याहून जास्त वेळा गेली, की ऐकणाऱ्याचं लक्ष मजकुरावरून माणसांवर जातं. आता कोण बोलणार याचाच तो अंदाज बांधत बसतो.

सूत्रं देण्याचं वाक्य मात्र फुकट घालवू नये. “आता माझी सहकारी तांत्रिक बाजू सांगेल” हे वाक्य काहीच सांगत नाही. त्याऐवजी तो म्हणाला, “खोटे इशारे कसे थांबवले ते यांच्याकडून ऐका, सहा महिने रोज सकाळी प्रत्येक टाकीचा आलेख यांनीच पाहिलाय.” स्वतःबद्दल हे तिने सांगितलं असतं तर बढाई वाटली असती. भागीदाराच्या तोंडून ती साक्ष होते. दोघांनी मिळून पिच करण्याचा हा एक फायदा एकट्याला कधीच मिळत नाही.

भाषेचा काटा राहिला होता. त्याचं इंग्रजी अडखळतं. पहिल्या तालमीत तो पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हणत होता आणि आठ वर्षांचा अनुभव असूनही कालच शिकल्यासारखा वाटत होता. शेवटी तीच म्हणाली, “दादा, तुम्ही हिंदीत बोला, मध्ये मराठी आलं तरी चालेल. आकडे स्लाइडवर इंग्रजीत असतील.” मुंबईच्या खोलीत हे सहज खपतं. समोर परदेशी गुंतवणूकदार असेल तर अडतं, आणि तिथे मला सोपं, तुटक पण स्वतःचं इंग्रजी पाठांतरापेक्षा बरं वाटतं. तिने दुभाष्याचं काम करायलाही हरकत नाही, फक्त उत्तर त्याचंच राहिलं पाहिजे. भाषांतर करता करता त्यात तिने स्वतःची भर घातली की वाटणी मोडली.

खरी परीक्षा बोलणं संपल्यावर असते, आणि बहुतेक जोड्या तिथे घसरतात. प्रश्न आला की दोघेही उत्तर देतात. एकाचं संपलं की दुसरा म्हणतो, “आणि त्यात एक सांगायचं राहिलं...” हे ‘राहिलं’ फार महाग पडतं. पहिल्याचं उत्तर अपुरं होतं अशी ती जाहीर कबुली असते, पुरतं असलं तरीही. यांनी नियम केला: विधान ज्याचं, प्रश्न त्याचा, आणि त्याचं बोलणं संपलं की विषय संपला. दुसऱ्याने तोंड उघडायचं ते फक्त चुकीचा आकडा बाहेर गेला असेल तर, आणि तेव्हाही तीन शब्दांत: “बारा नाही, दहा.”

यात एक फसगत आहे, अनुभवी गुंतवणूकदार ती मुद्दाम करतात. ते इंजिनिअरला विचारतात, “महिन्याला किती घेता हो?” आणि विक्री पाहणाऱ्याला, “वीज गेल्यावर तुमचं यंत्र कशावर चालतं?” उत्तर त्यांना ठाऊक असतं, या दोघांत रोज बोलणं होतं की नाही, हे त्यांना पाहायचं असतं. अशा वेळी “ते यांना विचारा” म्हणणं म्हणजे घर एक आणि चुली दोन अशी कबुली. म्हणून प्रत्येकाने दुसऱ्याच्या भागाची दोन वाक्यं पक्की ठेवायची. ती म्हणते, “महिन्याला नऊशे, केंद्राच्या खर्चातून. नऊशेच का, ते दादा सांगतील, हजार सांगितल्यावर काय झालं ते त्यांनी ऐकलंय.” पहिल्या प्रश्नाला उभं दोघांनीही राहायचं. तिसऱ्यासाठी माणूस ठरलेला.

काही प्रश्न असे, की त्यांची वाटणी होत नाही. कंपनीत कुणाचा हिस्सा किती, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कुणाचा, दोघांपैकी एक सोडून गेला तर काय. इथे माहितीला किंमत नाही, दोघांचं उत्तर एक असण्याला आहे, आणि ते एकमेकांकडे न बघता आलं पाहिजे. जोडीला वेगवेगळ्या खोल्यांत बसवून ही तीन उत्तरं कागदावर लिहायला लावली की अर्ध्या तासात कळतं. काही जोड्यांचं पहिलं खरं भांडण याच कागदावरून होतं, आणि ते गुंतवणूकदारासमोर होण्यापेक्षा तिथे झालेलं चांगलं.

आता या पद्धतीचा कच्चा दुवा. विश्वासार्हता माणसात जेवढी असते तेवढीच ती बघणाऱ्याच्या डोळ्यांतही असते. न्यूयॉर्कच्या ‘टेकक्रंच डिसरप्ट’ या स्पर्धेतल्या पिचच्या चित्रफिती डॅना कान्झे आणि सहकाऱ्यांनी तपासल्या. पुरुषांना विचारलेले बहुतेक प्रश्न वाढीचे निघाले: किती मोठं कराल, किती ग्राहक मिळवाल? बायकांना विचारलेले बहुतेक प्रश्न बचावाचे: असलेले ग्राहक कसे टिकवाल, तोटा कधी भरून निघेल? दोन्हीकडे प्रमाण जवळपास दोन तृतीयांश. म्हणजे यंत्र तिने बनवलेलं असूनही त्याचा अवघड प्रश्न पुरुष भागीदाराकडे बघून विचारला जाऊ शकतो. ‘समोरच्याला जो खरा वाटेल त्याने बोलावं’ असा अर्थ कुणी काढला, तर ती हळूहळू पुन्हा कडेला उभी राहील. म्हणून वाटणी ‘केलंय, पाहिलंय, वाचलंय’ यावरच ठेवायची, आणि प्रश्न चुकीच्या दिशेला आला की त्यानेच तो वळवायचा. “हे यंत्र यांचं आहे” म्हणून तो एक पाऊल मागे सरकतो. हे पाऊल तालमीतच बसवावं लागतं, कारण ऐन वेळी कौतुकाने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर न देणं भल्याभल्यांना जमत नाही.

अठरा विधानांपैकी चार मात्र अशी उरली, की त्यांच्यापुढे दोघांनीही ‘वाचलंय’ लिहिलं होतं. त्यातलं पहिलं होतं बाजारपेठेचं: राज्यात अमुक हजार बीएमसी, गुणिले वर्षाचं भाडं, बरोबर इतके कोटी. आकडा इंटरनेटवरच्या एका अहवालातला. तो कुणी बोलायचा यावर वाद सुरू झाला, तेव्हा लक्षात आलं की वाद निरर्थक आहे. दोघांतल्या कुणीही बोलला तरी दुसऱ्या प्रश्नाला पडणार. तो काढला. त्या जागी, तीन तालुक्यांतल्या ज्या ६२ केंद्रांवर तो स्वतः जाऊन आला, त्यातल्या किती टाक्यांना चालू जनरेटर होता आणि गेल्या उन्हाळ्यात किती ठिकाणी दूध नासलं, एवढंच ठेवलं. कोटींचा आकडा लाखांवर आला. पण आता तो त्याचा होता.

दुसरी दोन विधानं अशीच आकसून कुणा ना कुणाच्या ताब्यात आली. शेवटचं राहिलं: एप्रिल-मेमध्ये, बाहेर चाळीस अंश असताना आणि वीज तासन्‌तास नसताना, यंत्र अख्खा हंगाम टिकेल. यंत्रं बसली होती पावसाळ्यानंतर. उन्हाळा त्यांनी अजून पाहिलेलाच नव्हता.

इथे पुन्हा १९७६ च्या त्या बैठकीकडे जावं लागतं, कारण तिथेही असंच एक विधान शिल्लक होतं आणि सर्वांत मोठं तेच होतं. जिवाणू माणसाचं प्रथिन खरोखर बनवतील का? स्वॉन्सनला ते माहीत नव्हतं, आणि बॉयर यांनाही नव्हतं. कुणीच ते केलेलं नव्हतं. पर्किन्स यांनी पाच लाख दिले नाहीत. प्रयोगशाळा उभारू नका, माणसं नेमू नका, प्रयोगाचं काम ज्यांच्याकडे साधनं आहेत अशा संस्थांना कंत्राटाने द्या, आधी हा एकच प्रश्न स्वस्तात सोडवा, असं सुचवून त्यांनी एक लाख डॉलर घातले आणि बदल्यात कंपनीचा चतुर्थांश हिस्सा घेतला. पुढे लॉस एंजेलिसजवळच्या ‘सिटी ऑफ होप’मधल्या शास्त्रज्ञांबरोबर काम होऊन १९७७ मध्ये जिवाणूंनी सोमॅटोस्टॅटिन हे अवघ्या १४ अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक बनवलं. वर्षभराने इन्सुलिन. स्वॉन्सनची घाई थेट इन्सुलिनची होती; आधी छोटं करून पाहा, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं त्याने शेवटी ऐकलं. ती कंपनी म्हणजे जेनेंटेक.

आपल्या जोडीनेही शेवटची स्लाइड बदलली. आधी तिथे साठ लाखांची मागणी होती: शंभर केंद्रं, चार माणसं, कोल्हापूर आणि सांगलीत कार्यालय. आता मागणी पंधरा लाखांची झाली: वीस टाक्या, एक उन्हाळा, मार्च ते जून. ती सांगते कोणते चार भाग उष्णतेने बिघडू शकतात आणि किती सुटे भाग बरोबर ठेवणार. तो सांगतो त्या वीस केंद्रांची निवड कशी केली, आणि कोणत्या सात सचिवांनी यंत्र ठेवून घ्यायला होकार दिलाय. जूनमध्ये उत्तर आलं तर उरलेल्या पैशांचं बोलू.

नव्या तालमीत त्याच परीक्षकाने पुन्हा विचारलं, “आणि उन्हाळ्यात बंद पडलं तर?” दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, “तर कुठला भाग गेला ते मला त्याच दिवशी कळेल.” तो गप्प राहिला.